एकेका कपॅसिटरची झाडाझडती

कोणताही अ‍ॅम्प्लिफायर सगळ्या वारंवारतांना सारखी वागणूक देत नाही. मधल्या पट्ट्यात तो संकेत इमानाने ऐंशीपट करतो, पण वारंवारता वाढवत गेलं की एका टप्प्यावर त्याचा दम संपू लागतो. मधल्या पट्ट्यात मिळणाऱ्या गेनच्या ७१ टक्केच गेन जिथे उरतो, त्या वारंवारतेला वरची कटऑफ म्हणतात. अ‍ॅम्प्लिफायर बांधणाऱ्याला दोन गोष्टी हव्या असतात: ही कटऑफ कुठे येईल, आणि ती पुढे ढकलायची असेल तर हात कुठे घालायचा. पहिल्या प्रश्नाची उत्तरं देणाऱ्या रीती बऱ्याच आहेत. दुसऱ्याचं उत्तर चटकन देणारी रीत मला एकच माहीत आहे. ती म्हणजे झीरो-व्हॅल्यू टाइम कॉन्स्टंटची.

दम संपतो तो कपॅसिटरांमुळे, आणि त्यातले बरेचसे कोणी मुद्दाम लावलेले नसतात. ट्रान्झिस्टरच्या आत बेस आणि एमिटर यांच्यामध्ये थोडी धारिता असते, बेस आणि कलेक्टर यांच्यामध्ये त्याहून थोडी असते. पुढच्या टप्प्याची, तारांची, मोजायला लावलेल्या प्रोबची धारिता आउटपुटवर लटकलेली असते. हे सगळं काही पिकोफॅरडांचं प्रकरण. कमी वारंवारतेला ते दिसतही नाही, पण वारंवारता वाढली की प्रवाह या चोरवाटांनी निसटू लागतो.

नेमका हिशेब करायचा तर पूर्ण ट्रान्सफर फंक्शन काढावं लागतं. म्हणजे प्रत्येक जोडबिंदूचं समीकरण मांडायचं, समीकरणं सोडवायची आणि शेवटी हाती आलेल्या बहुपदीची मुळं शोधायची. एक ट्रान्झिस्टर असेल तर हे पान-दीड पानात होतं. दोन असले की वही भरते. आणि संगणकाकडून करवून घेतलं तरी मिळतो तो आकडा. कटऑफ ११९ किलोहर्ट्झ आहे हे कळतं, पण ती कोणामुळे आहे हे त्या आकड्यात लिहिलेलं नसतं.

झीरो-व्हॅल्यूची रीत अशी: एक कपॅसिटर निवडा. बाकीच्या सगळ्या कपॅसिटरांची किंमत शून्य करा, म्हणजे ते सर्किटमधून काढूनच टाका. तिथे वाट उघडी. इनपुटचा संकेतही शून्यावर आणा. व्होल्टेजचा उगम असेल तर त्याच्या जागी नुसती तार, पण त्याचा स्वतःचा रोध तसाच ठेवायचा. आता निवडलेल्या कपॅसिटरच्या दोन टोकांवर उभं राहून सर्किटकडे पाहिलं तर किती रोध दिसतो ते काढा. त्या रोधाला कपॅसिटरच्या धारितेने गुणलं की त्याचा टाइम कॉन्स्टंट मिळाला. असं एकेका कपॅसिटरचं करायचं आणि सगळ्यांची बेरीज घ्यायची.

```
f ≈ 1 / (2π × (R1·C1 + R2·C2 + R3·C3 + ...))
```

बस, एवढंच. ट्रान्सफर फंक्शन नाही, बहुपदी नाही. प्रत्येक वेळी सर्किटात एकही कपॅसिटर नसतो, त्यामुळे काम नुसत्या रोधांचं उरतं.

प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. हाताशी नेहमी असतो तसला एक छोटा एनपीएन ट्रान्झिस्टर, एमिटर जमिनीला, कलेक्टरमधून एक मिलिअ‍ॅम्पिअर प्रवाह. या प्रवाहाला बेसवरचं व्होल्टेज एक मिलिव्होल्टने हललं की कलेक्टरचा प्रवाह साधारण ४० मायक्रोअ‍ॅम्पिअरने हलतो. करंट गेन २०० धरला तर बेसमधून आत पाहताना ५ किलोओहम दिसतात. संकेत ज्याच्याकडून येतो त्या उगमाचा रोधही ५ किलोओहम आहे असं समजू. बायसिंगचे रोधक मोठे आहेत, ते सोडून देऊ. कलेक्टरवरचा एकूण भार ४ किलोओहम. आता कपॅसिटर तीन: बेस-एमिटरचा ३० पिकोफॅरड, बेस-कलेक्टरचा ३ पिकोफॅरड आणि आउटपुटवरचा १० पिकोफॅरड. गेन येतो ८०, कारण उगमाच्या रोधापाशी निम्मा संकेत जातो आणि उरलेला १६० पट होतो.

नुसते आकडे पाहून कोणीही म्हणेल की ३० पिकोफॅरडवालाच खरा अडसर आणि ३ वाला किरकोळ.

आधी सोपे दोन. बेस-एमिटरच्या कपॅसिटरला दिसतो उगमाचा ५ किलोओहम आणि ट्रान्झिस्टरचा ५ किलोओहम, दोन्ही समांतर. म्हणजे अडीच किलोओहम. किलोओहमला पिकोफॅरडने गुणलं की थेट नॅनोसेकंद मिळतात, त्यामुळे शून्यं मोजत बसावं लागत नाही. अडीच गुणिले तीस, ७५ नॅनोसेकंद. आउटपुटच्या कपॅसिटरला फक्त भार दिसतो, कारण इनपुट शून्य असल्यामुळे ट्रान्झिस्टर गप्प आहे. चार गुणिले दहा, ४० नॅनोसेकंद.

तिसरा मात्र बेस आणि कलेक्टर यांच्यामध्ये अडकलेला आहे. त्याची दोन्ही टोकं हलती आहेत, जमिनीला एकही नाही. त्याला दिसणारा रोध नुसता पाहून सांगता येत नाही. तिथे एक काल्पनिक प्रवाह सोडून पाहावा लागतो. कपॅसिटर काढून त्याच्या जागी एक मायक्रोअ‍ॅम्पिअरचा उगम जोडला असं धरा. तो कलेक्टरमधून एक मायक्रोअ‍ॅम्पिअर उचलतो आणि बेसमध्ये सोडतो. बेसपाशी अडीच किलोओहम आहेत, म्हणून बेस अडीच मिलिव्होल्ट वर जातो. आता ट्रान्झिस्टर जागा होतो. अडीच मिलिव्होल्ट म्हणजे कलेक्टरमध्ये १०० मायक्रोअ‍ॅम्पिअर जादा. त्यात आपण उचललेला एक मिळवा. भारातून १०१ मायक्रोअ‍ॅम्पिअर ओढले जातात आणि कलेक्टर ४०४ मिलिव्होल्ट खाली जातो. एक टोक अडीच वर, दुसरं ४०४ खाली, मिळून फरक ४०६.५ मिलिव्होल्टचा. हा फरक घडवायला आपण सोडला होता फक्त एक मायक्रोअ‍ॅम्पिअर. म्हणजे दिसणारा रोध ४०६.५ किलोओहम!

सर्किटभर हिंडलं तरी पाच किलोओहमपेक्षा मोठा रोधक सापडणार नाही, आणि या कपॅसिटरच्या वाट्याला मात्र चारशे. बेस वर जाताना कलेक्टर खाली पळतो, त्यामुळे हा कपॅसिटर भरायला दोन्हीकडून खेच बसते. तीन पिकोफॅरडना ४०६.५ ने गुणा: १,२१९.५ नॅनोसेकंद.

एकूण बेरीज १,३३४.५ नॅनोसेकंद, आणि तिच्यातून कटऑफ निघते ११९ किलोहर्ट्झ. पूर्ण ट्रान्सफर फंक्शन मांडून मी ताडून पाहिलं, तर उत्तर येतं ११९.५. अर्ध्या टक्क्याचीही तफावत नाही.

पण खरा माल त्या ११९ मध्ये नाही. तो आहे ७५, १,२१९.५ आणि ४० या तीन आकड्यांत. एकूण उशिरापैकी ९१ टक्के उशीर सगळ्यात लहान कपॅसिटरचा आहे. आउटपुटवरची धारिता खटपट करून निम्मी केली तर कटऑफ १२१ किलोहर्ट्झवर जाईल, म्हणजे मेहनत वाया. बेस-कलेक्टरमधला एकच पिकोफॅरड कमी केला तर ती १७१ वर जाते. संगणकाने काढलेल्या आलेखात ही यादी दिसत नाही. घटक एकेक करून बदलत, आलेख पुन्हापुन्हा काढत ती शोधावी लागते.

बेस-कलेक्टरच्या धारितेचं हे फुगणं जुनं आहे. जॉन मिलर यांनी १९२० साली ते व्हॅक्यूम ट्यूबच्या बाबतीत दाखवून दिलं आणि तेव्हापासून त्याला मिलर परिणाम म्हणतात. बहुतेक अभ्यासक्रमांत कटऑफ काढायलाही हीच वाट शिकवतात: मधला कपॅसिटर गेनच्या पटीत फुगवून बेस आणि जमीन यांच्यामध्ये आणून ठेवायचा. आपल्या सर्किटात त्या वाटेने १२४ किलोहर्ट्झ येतात. वाईट नाही. फक्त कलेक्टरच्या बाजूचे ५२ नॅनोसेकंद ती वाट मोजतच नाही. आउटपुटवर दहाऐवजी दोनशे पिकोफॅरड असते तर हीच चूक महागात पडली असती, आणि पडली हे कळलंही नसतं.

आता एकेका कपॅसिटरला असं सुटं काढून तपासलं आणि नुसती बेरीज केली तर उत्तर जुळतं का? सर्किटात तर ते सगळे एकत्र नांदतात, एकमेकांवर परिणाम करतात. इथे या रीतीची गंमत आहे. ट्रान्सफर फंक्शनच्या छेदात वारंवारतेची एक बहुपदी असते: पहिलं पद एक, दुसरं वारंवारतेच्या पहिल्या घाताचं, तिसरं वर्गाचं आणि पुढे तसंच. वर्गाच्या पदात नेहमी दोन कपॅसिटरांचा गुणाकार असतो, घनाच्या पदात तिघांचा. पहिल्या घाताच्या पदात मात्र कपॅसिटर एकेकटेच येतात, कोणाचा कोणाशी गुणाकार नाही. म्हणजे ते पद म्हणजे पहिल्याची धारिता गुणिले काहीतरी, अधिक दुसऱ्याची गुणिले काहीतरी, अधिक तिसऱ्याची. ते ‘काहीतरी’ शोधायचं तर बाकीच्या धारिता शून्य करा. मग सर्किटात एकच कपॅसिटर उरतो, आणि एका कपॅसिटरच्या सर्किटात ते ‘काहीतरी’ म्हणजे त्याला दिसणारा रोध, दुसरं काही असूच शकत नाही.

म्हणून टाइम कॉन्स्टंटची बेरीज हा अंदाज नव्हेच, ते पहिल्या घाताच्या पदाचं बिनचूक मूल्य आहे. अंदाज सुरू होतो त्यापुढे, जेव्हा आपण वर्गाचं आणि त्यावरचं सगळं सोडून देतो आणि म्हणतो की कटऑफपर्यंत पहिल्या घाताचंच राज्य आहे. आपल्या सर्किटात हे म्हणणं खरं होतं, कारण पहिला पोल ११९.५ किलोहर्ट्झला आहे आणि दुसरा थेट ५० मेगाहर्ट्झच्या आसपास. दुसऱ्याचा आवाजही इकडे ऐकू येत नाही.

इथे एक घोटाळा हमखास होतो. तीन टाइम कॉन्स्टंट मिळाले म्हणून तीन पोल मिळाले असं समजून लोक प्रत्येकाची वेगळी वारंवारता काढू लागतात. तसं काही नसतं. आपल्याच सर्किटात कपॅसिटर तीन आहेत आणि पोल दोनच, कारण बेस, कलेक्टर आणि जमीन यांच्यामध्ये ते तिघे वेटोळं करून बसलेत. दोघांची व्होल्टेजं ठरली की तिसऱ्याचं आपोआप ठरतं. सुट्या टाइम कॉन्स्टंटला अर्थ आहे तो बेरजेतला वाटा म्हणून, तेवढाच.

ही रीत १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटीत रिचर्ड अ‍ॅडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुजवली. ट्रान्झिस्टर नवा होता, तो शिकवायचा कसा हा प्रश्न होता, आणि सर्किट सोडवून देणारा संगणक टेबलावर नव्हता. तिला ओपन-सर्किट टाइम कॉन्स्टंट असंही म्हणतात. ग्रे आणि मेयर यांच्या अ‍ॅनालॉग सर्किटांवरच्या पुस्तकात ती झीरो-व्हॅल्यू या नावाने भेटते. त्याआधी, १९४८ मध्ये, एल्मोर यांनी अ‍ॅम्प्लिफायरला इनपुट किती उशिरा आउटपुटवर पोचतं हे मोजायला जी व्याख्या दिली, तीही जवळजवळ याच बेरजेशी येऊन थांबते. आजही चिपमधल्या लांबलचक तारांचा उशीर काढताना एल्मोर यांचं नाव घेतात.

आता आपल्या यादीने दोषी दाखवलाय, तर इलाज करू. बेस-कलेक्टरच्या कपॅसिटरला चारशे किलोओहम दिसतात ते कलेक्टर खाली पळतो म्हणून. त्याला पळूच द्यायचं नाही. कलेक्टर आणि भार यांच्यामध्ये दुसरा ट्रान्झिस्टर घालायचा, ज्याचा बेस संकेतापुरता जमिनीला बांधलेला आहे. पहिल्याचा कलेक्टर आता दुसऱ्याच्या एमिटरला जोडला गेला, आणि तिथे दिसतात फक्त २५ ओहम. या मांडणीला कॅस्कोड म्हणतात. गेन तितकाच राहतो, ८०.

हजेरी पुन्हा घेऊ. पहिल्या ट्रान्झिस्टरच्या बेस-एमिटरचे ७५ नॅनोसेकंद जसेच्या तसे. बेस-कलेक्टरच्या कपॅसिटरसाठी तोच एक मायक्रोअ‍ॅम्पिअर सोडून पाहा: बेस अडीच मिलिव्होल्ट वर, कलेक्टरमध्ये १०१ मायक्रोअ‍ॅम्पिअर, पण आता २५ ओहममधून, म्हणजे कलेक्टर फक्त अडीच मिलिव्होल्ट खाली. रोध सुमारे ५ किलोओहम, टाइम कॉन्स्टंट १५ नॅनोसेकंद. कुठे १,२१९ आणि कुठे १५! दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या बेस-एमिटरला २५ ओहमच दिसतात, तिथे एक नॅनोसेकंदही भरत नाही. त्याच्या बेस-कलेक्टरला भार दिसतो, १२ नॅनोसेकंद. आउटपुटचे ४० कायम. बेरीज १४३ च्या आसपास, कटऑफ १.११ मेगाहर्ट्झ.

आणि खरी कटऑफ? पूर्ण हिशेबात ती येते १.४२ मेगाहर्ट्झ. आपला अंदाज वीस-बावीस टक्के कमी निघाला. मघाशी अर्धा टक्काही चूक नव्हती, आता एवढी का? कारण आता एकटा कोणी वरचढ नाही. इनपुटच्या बाजूला ९० नॅनोसेकंदांचा पोल आहे, आउटपुटला ५२ चा. दोघं तोडीस तोड. वर्गाचं पद आता सोडून देण्याइतकं लहान राहिलेलं नाही. दोन पोल अगदी सारखे असतात तेव्हाही चूक साधारण इतकीच होते, २२ टक्के. सारखे पोल आणखी वाढले तर चूकही वाढते.

मात्र ती ठरलेल्या बाजूलाच होते. सगळे पोल वास्तव असतील आणि जवळपास शून्य नसतील, तर ही रीत खऱ्यापेक्षा कमीच सांगते. कागदावर एक मेगाहर्ट्झ निघाला असेल तर टेबलावर निदान तेवढा मिळतो. डिझाइन करणाऱ्याला याहून सोयीची चूक कोणती? आणि चूक होणार हे आधीच ओळखताही येतं: यादीत एक आकडा बाकीच्यांच्या कैकपट असेल तर उत्तरावर विसंबावं, दोन-तीन आकडे बरोबरीचे असतील तर ते खालची हद्द म्हणून घ्यावं.

पोल वास्तव नसतील तर मात्र ही हमी जाते. निगेटिव्ह फीडबॅक लावलेला अनेक टप्प्यांचा अ‍ॅम्प्लिफायर, मोठ्या उगम-रोधावर बसून धारितेचा भार ओढणारा एमिटर फॉलोअर, पट्टा रुंदावण्यासाठी कॉइल घातलेला टप्पा, अशा ठिकाणी आलेख कटऑफच्या आधी वर उचलला जातो. स्क्वेअर वेव्ह दिली तर कडेला झोके दिसतात. ते झोके दिसले की ही बेरीज बाजूला ठेवावी.

आणि एक चूक, जी वर्गात दरवर्षी होते. सर्किटात एमिटरला जमिनीशी जोडणारा शंभर मायक्रोफॅरडचा बायपास कपॅसिटर असतो, इनपुटला दहा मायक्रोफॅरडचा कपलिंग कपॅसिटर असतो. मुलं रीत नीट पाळतात, म्हणजे तेही शून्य करतात आणि त्यांचेही टाइम कॉन्स्टंट बेरजेत घालतात. कटऑफ निघते काही हर्ट्झ. हे कपॅसिटर खालच्या कटऑफच्या खात्यातले आहेत. वरच्या हिशेबात शिरण्याआधीच त्यांच्या जागी तारा घालून त्यांना निकालात काढायचं, आणि पिकोफॅरडवाल्यांचीच यादी करायची.

यादी हाती असली की ती उलटीही वाचता येते. समजा आपला पहिला, साधा टप्पा ब्रेडबोर्डवर बांधला आणि ११९ ऐवजी कटऑफ ७४ किलोहर्ट्झला मिळाली. ७४ किलोहर्ट्झ म्हणजे एकूण २,१५० नॅनोसेकंद. आपला हिशेब १,३३४ चा होता, म्हणजे सुमारे ८१६ नॅनोसेकंद कुठून तरी जादा आले. ते आउटपुटवर आले असतील तर चार किलोओहमने भागून २०४ पिकोफॅरड हवेत. एवढे भटके पिकोफॅरड छोट्याशा मांडणीत सापडत नाहीत. बेस-एमिटरमध्ये आले असतील तर ३२६ हवेत. बेस-कलेक्टरमध्ये आले असतील तर ४०६.५ ने भागा: दोनच पिकोफॅरड पुरतात. ब्रेडबोर्डच्या दोन शेजारी पट्ट्यांमध्ये एवढी धारिता सहज असते, आणि बीसी ५४७ सारख्या ट्रान्झिस्टरचे कलेक्टर आणि बेस शेजारी-शेजारीच असतात. बेस मधला पाय. त्याचे पाय थोडे फाकवून मध्ये एकेक पट्टी रिकामी सोडायची, ती पट्टी जमिनीला जोडायची, आणि कटऑफ पुन्हा मोजायची.